बॅकग्राउंड एकच, तरी फोटो एकमेकांत बसत नाहीत: परत काढायचे का?

भुलेश्वरची_वहिनी: आमचं पितळ-तांब्याच्या भांड्यांचं दुकान आहे, हल्ली ऑनलाइनही विकतो. फोटो तीन खेपांत निघाले: मे महिन्यात गच्चीवर उन्हात, पावसाळ्यात खिडकीशी आणि दिवाळीआधी दुकानात ट्यूबलाइटखाली. मागचं कापून सगळ्यांना एकच रंग दिलाय, `#F3EFE8`. तरी शेजारी शेजारी लावले की तीन दुकानांचा माल वाटतो. पुतण्या म्हणतो सगळे परत काढ. खरंच गरज आहे?

रवी_ठाणे: अजिबात नाही. एका फोटोचा व्हाइट बॅलन्स नीट करा, प्रीसेट सेव्ह करा, सगळ्यांना लावा. चहा होईपर्यंत काम झालं.

जुना_लॅबवाला: रवी, प्रीसेट एका खेपेपुरतं ठीक, तेही फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद असेल तर. खिडकीचा निळसरपणा काढणारं प्रीसेट उन्हातल्या पितळेला लावलंस तर ते नारिंगी होईल. खेप बदलली की दुरुस्ती वेगळी.

पण वहिनी, तुमचं मुख्य दुखणं रंगाचं नाहीये. आधी तांब्याचं तोंड बघा. समोरून ते लंबगोल दिसतं. त्याची रुंदी आणि उंची स्क्रीनवर मोजा. रुंदी 400 पिक्सेल आणि उंची 70 असेल, तर कॅमेरा साधारण 10 अंश वरून बघत होता. उंची 200 आली तर 30 अंश. असे दोन तांबे एकाच ओळीत ठेवले की एक उभा वाटतो आणि दुसरा पुढे कललेला. मागे कुठलाही रंग भरा, हे जात नाही. तेवढेच फोटो परत काढा.

दुसरी गोष्ट चमक. उन्हातल्या भांड्यावर बारीक, डोळ्यात खुपणारा ठिपका असतो, खिडकीच्या फोटोत रुंद मऊ पट्टा, ट्यूबलाइटच्या फोटोत लांब रेघ. खाली सगळ्यांना एकच मऊ सावली दिलीत, तर उन्हातलं भांडं खोटं दिसणार. त्याला कडेची जरा धारदार सावली द्या, आणि चमक डावीकडे असेल तर सावली उजवीकडे. साधा तांब्या उलट बाजूचा असेल तर फोटो आडवा फ्लिप करा. झारीला किंवा नाव कोरलेल्या भांड्याला मात्र हे करू नका.

पदर_आणि_काठ: मी साड्या विकते. मार्केटप्लेसला मुख्य फोटो शुद्ध पांढराच लागतो, 255-255-255. मग ऑफ-व्हाइटचा वाद कशाला? सगळं पांढरं करा, प्रश्न मिटला.

जुना_लॅबवाला: ताई, मुख्य फोटोपुरतं खरं आहे. पण त्यांचा प्रश्न मागच्या रंगाचा नाहीच, भांड्यांचा आहे. उलट पांढऱ्यावर कापलेल्या कडेला राहिलेली जुन्या कापडाची झाक जास्त उठून दिसते. साडीला आरशासारखी चमक नसते, म्हणून तुमचं निभावतं. पितळेच्या पोटात तर टेबलावरचा निळा रेक्झिन दिसत असतो, तो मागचं कापून निघत नाही. तिथे फक्त निळ्याचं सॅच्युरेशन उतरवा, अख्ख्या भांड्याचं नको.

गिरगाव_खरेदीदार: गिऱ्हाईक म्हणून सांगतो, मी फोनवर एका वेळी एकच फोटो बघतो. ओळ जुळते की नाही याचं मला काय? एकसारखं करायच्या नादात पितळ आणि तांबं सारखंच दिसायला लागलं, तर मी माल परत पाठवणार. मागवलेला तांब्याचा लोटा फोटोत लाल होता, घरी आला गुलाबी!

रवी_ठाणे: हे मात्र पटलं. तीन खेपा एका रंगावर ओढायच्या म्हणजे खऱ्या रंगाचाच बळी.

जुना_लॅबवाला: ओढायचं कोण म्हणतंय? प्रत्येक खेपेतलं एक भांडं हातात घ्या, दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरा आणि त्याच्याशी जुळवा, दुसऱ्या फोटोशी नाही. पुढच्या वेळी पहिल्या फ्रेममध्ये राखाडी कार्ड ठेवा. राहता राहिली ओळ, तर गिऱ्हाईक सर्चमध्ये आधी नऊ छोटे फोटो एकदम बघतं, मग एक उघडतं.

गिरगाव_खरेदीदार: मी किंमत बघून उघडतो.

भुलेश्वरची_वहिनी: मोजलं. गच्ची आणि खिडकी 70 ते 90 च्या मध्ये, ट्यूबलाइटचे सगळे 180 च्या वर, म्हणजे पुतण्या स्टुलावर उभा होता. ते परत काढते. पण खिडकीचे फक्त रंग भरलेले जेपीजी राहिलेत. त्यांचा निळा काढला की मागचा रंगही पिवळा पडतो.

जुना_लॅबवाला: पडणारच, सगळं एकाच थरात आहे. फोनच्या गॅलरीत किंवा व्हॉट्सॲपच्या पाठवलेल्यांत मूळ फोटो शोधा. व्हॉट्सॲपचा दाबलेला असला तरी चालेल. आधी रंग दुरुस्त, मग कापणं, मग मागचा रंग, आणि कापलेलं भांडं पीएनजी करून वेगळं ठेवा. नाहीच मिळाले तर जेपीजीतूनच भांडं परत कापा, पण कड एक पिक्सेल आत घ्या.