प्रतिसाद: ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’

> ‘हा तर वैराग्याचा अभंग. यात दुकानदारीचं काय वाचायचं?’

तुकोबांच्या या अभंगात वैराग्याबरोबर दुकानदारीही वाचता येते. ‘बरें झालें’ थोडं बाजूला ठेवा आणि काय काय गेलं ते पाहा: दिवाळं, दुष्काळ, लोकांतला अपमान, धन, ढोरंगुरं. तुकोबांसारख्या वाण्यासाठी हे एकाच साखळीतलं नुकसान आहे. १६३०च्या दुष्काळात धान्य महागलं, पण गिऱ्हाईकाच्या हातात काहीच नव्हतं, म्हणजे उधारी बुडाली. बैल गेले की मालाची ने-आण थांबते. आणि अपमान ही नुसती मनाची जखम नाही. दिवाळखोराला पुढचा माल उधारीवर कोण देणार? पत हेच त्याचं भांडवल.

दुसऱ्या अभंगात तुकोबा हेच रोखठोक सांगतात: ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान’. आधी पैसा, लगेच मान, आणि पुढच्याच चरणात ‘अन्न अन्न’ करत गेलेली बायको. धंद्यातल्या तुटीची लाजही तिथेच येते.

अर्थात अभंग म्हणजे खतावणी नव्हे, रकमा शोधू नका. पण तुकोबा सावकारही होते, हे विसरू नये. महिपतींच्या चरित्रानुसार त्यांनी इंद्रायणीत बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची कर्जखतं. धाकट्या भावाची, कान्होबाची अर्धी त्याला देऊन टाकली.