खुलाशाचं पत्र कधी, कुठे द्यायचं?

"८०डी ची वजावट चुकून घेतली. सुधारित रिटर्नसोबत खुलाशाचं पत्र कुठे जोडायचं?"

कुठेच नाही. रिटर्नला कागद जोडायची सोयच नसते. सुधारित रिटर्नचं कलम 139(5) निवडलं की मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख विचारतात, तेवढ्यावर दोन्ही रिटर्न जोडले जातात. पत्र लागतं ते नोटीस आली तर, आयकर पोर्टलवरच्या e-Proceedings मधल्या उत्तरासोबत. तरी ते आजच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आकडे आठवत नाहीत.

माझ्याकडून हेच झालं होतं. आईच्या आरोग्य विम्याचा २४,००० चा हप्ता मी एजंटला रोख दिला आणि वजावट घेतली. रोख हप्त्याला ८०डी मिळत नाही, हे पावतीवर 'कॅश' वाचलं तेव्हा ध्यानात आलं. २० टक्क्यांच्या टप्प्यात कर ४,८००, वर ४ टक्के सेस, म्हणजे ४,९९२ रुपये. आधी Self-Assessment Tax (300) खाली चलन भरलं, मग त्याचा बीएसआर कोड आणि क्रमांक सुधारित रिटर्नमध्ये टाकला. हा क्रम उलटा झाला की थकबाकीची मागणी येते.

पत्रात "नजरचुकीने" एवढंच लिहून भागत नाही. माझं मुख्य वाक्य असं होतं: "हप्ता रोखीने भरल्याने ८०डी खालील रु. २४,००० ची वजावट मी स्वतःहून मागे घेतली असून फरकाचा कर भरला आहे." खाली दोन्ही पावती क्रमांक, तारखा आणि चलनाचा तपशील. सुधारित रिटर्नची तारीख नोटिशीच्या आधीची असणं, हाच त्या पत्रातला खरा पुरावा. आणि सुधारित रिटर्नचंही ३० दिवसांत ई-व्हेरिफिकेशन करा, पुष्कळ जण तिथेच विसरतात.