म्युच्युअल फंडात रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जावं का? एका टक्क्याने फरक पडतो?

चाफा: एका फ्लेक्सी कॅप फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये १० लाख आहेत, त्यातले ४ लाख नफ्याचे. एक्स्पेन्स रेशो १.८ टक्के, त्याच फंडाच्या डायरेक्टचा ०.८. सगळे हप्ते वर्षापेक्षा जुने, म्हणून एक्झिट लोड नाही. २० वर्षं पैसे लागणार नाहीत. नवीन पैसे घालायचे नाहीत, फंडही बदलायचा नाही.

घाटमाथा: आणखी दहा-पंधरा लाख घालून प्लॉट घ्या. आमचा बघा, कसला रेशो न् कसलं काय.

पेठकर: डायरेक्टची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जास्त असते, म्हणून युनिट कमी मिळतात. तोटाच की. शिवाय टक्काभर खर्च वर्षातून एकदाच कापतात.

हिशेबी: पेठकर, युनिट कमी मिळाले तरी रक्कम तेवढीच राहते. आणि खर्च वर्षातून एकदा नाही, रोज थोडाथोडा एनएव्हीतूनच वजा होतो. स्टेटमेंटवर त्याची वेगळी ओळ नसते, म्हणून तो जाणवत नाही.

चाफा, खर्चाआधी १२ टक्के परतावा धरू. १० लाखांचे २० वर्षांनी डायरेक्टमध्ये ८३.६ लाख होतात, रेग्युलरमध्ये ६९.८ लाख. जवळजवळ १४ लाखांचा फरक. टक्का मूळ रकमेवर नाही, त्या-त्या दिवशीच्या एकूण रकमेवर लागतो. पहिल्या वर्षी दहा हजारांच्या आसपास जातात, शेवटच्या वर्षांत साठ हजारांच्या वर. आणि गेलेल्या पैशांवरची वाढही जाते.

पेठकर: मग साइटवर दिसणाऱ्या परताव्यातून आणखी १.८ वजा करायचे?

हिशेबी: नाही, तो परतावा खर्च जाऊनच दाखवतात.

सांजवात: रेग्युलरमधला जादा पैसा मुख्यतः एजंटच्या कमिशनचा. पण बाजार पडल्यावर घाबरून विकू नका म्हणणारा तोच असतो. घाईत विकलंत तर टक्क्याची बचत एका दिवसात जाईल.

घाटमाथा: प्लॉट पडत नाही.

हिशेबी: सांजवात यांचा मुद्दा खरा आहे, स्वतःचा स्वभाव ओळखून ठरवा. आता कर. स्विच म्हणजे आयकराच्या नजरेत विक्रीच. सगळं एकदम हलवलंत तर सव्वा लाखाची सूट जाऊन २.७५ लाखांवर १२.५ टक्के, सेस धरून ३५,७५० रुपये. अर्धं मार्चमध्ये आणि अर्धं एप्रिलमध्ये हलवलंत तर सूट दोनदा मिळते, १६,२५० वाचतात. यंदा वर्षापेक्षा जुने शेअर विकून नफा झाला असेल तर तोही त्याच सूटीत मोजला जातो.

चाफा: दरवर्षी फक्त सव्वा लाखाच्या नफ्यापुरतं हलवलं तर? कर शून्य.

हिशेबी: चालेल, पण आधी सर्वांत जुनी युनिटं जातात आणि त्यांत नफा जास्त असतो. म्हणून पहिल्या खेपेला तीन लाखही हलणार नाहीत. उरलेल्यावर नफा वाढत राहील, टक्काही चालू राहील. मी दोन हप्त्यांत संपवा म्हणेन.

पेठकर: मीही तेच सांगणार होतो.

चाफा: कर भरायचा नाही. दरवर्षी मार्चमध्ये थोडं थोडं हलवीन, वेळ लागला तर लागू दे.