कंपनीचं बँक अकाउंट बदलतोय, क्लायंटना कसं कळवायचं? मदत हवी आहे

भोसरी_फॅब्रिकेशन:
आमचं छोटं युनिट आहे, साधारण ३५ क्लायंट. लोनसाठी सहकारी बँकेतून दुसऱ्या बँकेत करंट अकाउंट हलवतोय. लेटरहेडवर पत्र आणि कॅन्सल चेक स्कॅन करून सगळ्यांना मेल टाकला तर एका क्लायंटच्या अकाउंट्सवाल्या मॅडम म्हणाल्या मेलवर आम्ही काहीच बदलत नाही, मागे असाच मेल आला होता आणि पैसे भलत्याच्याच खात्यात गेले. आता काय करू?

सुहास_पुणे:
एवढं काय घाबरायचं, नाव आणि नंबर जुळला नाही तर एनईएफटी आपोआप रिजेक्ट होते की.

हिशेबनीस_काका:
सुहासराव, तसं नाही हो. पैसे अकाउंट नंबरवरच जमा होतात, नाव जुळायलाच पाहिजे असं नाही. एप्रिल २०२५ पासून बँकांनी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय दिली आहे, पण ते बघायचं पाठवणाऱ्याने, आणि घाईत कोण बघतंय.
भोसरीवाले, मॅडमचं बरोबर आहे. लेटरहेड, सही, शिक्का, चेक सगळं तुमच्या जुन्या इन्व्हॉइसवरून कोणीही बनवू शकतो. मेल फक्त पहिली खबर समजा. नंतर क्लायंटने तुम्हाला फोन करायचा, तोही जुन्या पीओवरच्या नंबरवर, या पत्रातल्या नंबरवर नाही. पत्रात तसं सरळ लिहाच. फोनवर खाते नंबरचे शेवटचे चार आकडे तुम्ही सांगायचे, त्यांनी पत्राशी पडताळायचे. मग त्यांनी १ रुपया पाठवायचा, तुम्ही यूटीआर सांगायचा.

माधुरी_ठाणे:
माझ्या पगाराचं खातं बदललं तेव्हा होम लोनचा ईसीएस बाउन्स झाला होता, तो वेगळा बदलावा लागतो का?

हिशेबनीस_काका:
ताई, तो वेगळा विषय, बँकेत नवीन मॅन्डेट द्यावं लागेल.

सुहास_पुणे:
मग १ रुपया पोचला की झालं ना, फोन कशाला?

हिशेबनीस_काका:
अहो, चोराच्या खात्यातही रुपया पोचतोच, आणि यूटीआरही तो सांगेल. रुपयाने खातं चालू आहे एवढंच कळतं, कोणाचं ते नाही. ते फोनने कळतं.

भोसरी_फॅब्रिकेशन:
हे डोक्यातच आलं नव्हतं. मोठे सात क्लायंट आधी फोनवर करतो. जुनं खातं किती दिवस ठेवू? बँक लगेच बंद करा म्हणतेय, कॅश क्रेडिट तिकडेच होतं.

हिशेबनीस_काका:
तुमचे पेमेंट ९० दिवसांचे असतील तर निदान तेवढे तरी ठेवा. लिमिट बंद केल्यावर तेच खातं साधं चालू ठेवू देतात का ते मात्र बँकेलाच विचारावं लागेल, दर बँकेचं वेगळं असतं. आणि त्या मॅडमना विचारा, त्यांचे पैसे गेले तेव्हा १९३० वर लगेच फोन केला होता का? पैसे अडकवायचे तर पहिले काही तासच हातात असतात.

भोसरी_फॅब्रिकेशन:
विचारलं. म्हणे तीन आठवड्यांनी कळलं, खऱ्या सप्लायरने थकबाकी मागायला फोन केला तेव्हा.