क्रॅक गेम: 'आजवर काही झालं नाही' हा पुरावा धरायचा का?

रात्रपाळी:
बऱ्याच काळापासून क्रॅक केलेले पीसी गेम खेळतोय. क्रॅक गेम लहान फाइलमध्ये बांधून देणाऱ्या नावाजलेल्या रिपॅकरचीच फाइल घेतो, टॉरेंटखालच्या प्रतिक्रिया वाचतो, गेम टाकल्यावर टास्क मॅनेजर उघडून सीपीयू बघतो. आजवर काही झालं नाही. मालवेअर, बॅन हा सगळा कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे असं माझं मत. कोणी ठोस काही सांगून ते खोडून दाखवेल का?

जुनाखिळा:
खोडतो. तुमच्या दोन्ही तपासण्या फसाव्यात म्हणून रचलेलं एक प्रकरण होऊन गेलंय. कॅस्परस्कीने फेब्रुवारी 2025 मध्ये त्यावर लिहिलं, नाव दिलं 'स्टारीडोब्री'. बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मॉड, डायसन स्फिअर प्रोग्रॅम अशा लोकप्रिय गेमचे इन्स्टॉलर सप्टेंबर 2024 पासून टॉरेंटवर चढवलेले होते. लागणीची लाट आली ती 31 डिसेंबरला, म्हणजे लोक सुट्टीत गेम टाकून बसतात आणि कोणी फारसं बघत नाही तेव्हा. आता सांगा, ऑक्टोबरमध्ये 'मस्त चालतोय, धन्यवाद' असं लिहिणाऱ्याने नेमकं काय तपासलेलं असणार? गेम सुरू होतो, एवढंच.

आत होता मोनेरो हे क्रिप्टोचलन खणणारा मायनर. प्रोसेसरला आठपेक्षा कमी कोअर असतील तर तो चालूच व्हायचा नाही. त्यांना गेमिंगची तगडी यंत्रंच हवी होती. आणि चालू झाल्यावर `taskmgr.exe` किंवा `procmon.exe` उघडलंय का यावर सतत नजर. दिसलं की मायनर स्वतःच बंद. तुम्ही टास्क मॅनेजर उघडता, सीपीयू शांत दिसतो, तुम्ही समाधानाने ते बंद करता.

टोरू:
एक उदाहरण सापडलं की सगळेच चोर? अँटीव्हायरस तर प्रत्येक क्रॅकवर बोंब मारतो. `HackTool` असं लिहून येतं, ते व्हायरसचं नाव नाही. खोटा इशारा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

जुनाखिळा:
अर्धं बरोबर आहे. क्रॅक म्हणजे बहुतेक वेळा `steam_api64.dll` सारखी फाइल बदललेली असते किंवा गेमच्या exe मधली परवान्याची तपासणी उडवलेली असते. असा बदल निरुपद्रवी असला तरी अँटीव्हायरसला खटकतो. पण म्हणूनच ही पळवाट चोराच्या कामी येते. खरा ट्रोजन असला तरी सोबतच्या टिपेत तेच वाक्य असतं: 'खोटा इशारा आहे, डिफेंडर बंद करा, फोल्डर अपवादात टाका.' दोन्ही फाइली तुमच्यासमोर सारख्याच दिसतात, आणि कुलूप तुम्ही स्वतःच्या हाताने काढता.

शिवाय गेम उडवला तरी तो अपवाद यादीत तसाच राहतो. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडून हे चालवा:

```
Get-MpPreference | Select-Object ExclusionPath, ExclusionProcess
```

अख्खा ड्राइव्ह किंवा डाउनलोडचं फोल्डर दिसलं तर तिथे डिफेंडर बघतच नाही. तुम्ही न टाकलेलं काही दिसलं, तर ते कोणी टाकलं याचा शोध घ्या.

पिवळीछत्री:
माझ्या भावाचा अनुभव. त्याने विकत घेतलेल्या गेमला मॉड लावला आणि ऑनलाइन गेल्यावर बॅन झाला. तेव्हा क्रॅक नको हे मला पटतं.

टोरू:
ताई, तो मॉडचा प्रश्न झाला, क्रॅकचा नाही.

गडगड्या:
बॅन मात्र नक्की होतो. स्टीम चालू असताना शेजारी क्रॅक गेम चालवला की त्यांना कळतं आणि त्यांच्या चीट पकडणाऱ्या व्हॅक यंत्रणेचा बॅन बसतो.

जुनाखिळा:
असं नसतं. व्हॅक हे ऑनलाइन सामन्यात फसवणूक करणाऱ्यांसाठी आहे. शेजारी एकट्याने खेळायचा क्रॅक गेम चालवला म्हणून ते बॅन देत नाही. भीती घालायची तर खरी घालावी, नाहीतर रात्रपाळींसारखे लोक एक खोटं पकडून बाकीचंही सोडून देतात.

बॅन येतो तो वळसा घालून. क्रॅकसोबत मायनरऐवजी माहिती चोरणारा प्रोग्रॅम आला, रेडलाइन किंवा लुमासारखा, तर तो ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन झाल्याच्या कुकी काही क्षणांत उचलून पाठवतो. मग गुपचूप निघूनही जाऊ शकतो, त्यामुळे नंतर स्कॅन केलं तर यंत्र स्वच्छ दिसतं. तुमच्या अकाउंटवरून कोणी चीट लावून खेळला आणि व्हॅक बॅन बसला, तर तो कायमचा. 'अकाउंट चोरीला गेलं होतं' हे कारण तिथे चालत नाही.

टोरू:
टू-फॅक्टर लावलं की विषय संपला.

जुनाखिळा:
पासवर्डपुरता संपला. कुकी म्हणजे 'हा माणूस आधीच आत आलेला आहे' अशी चिठ्ठी. ती दाखवली की कोड विचारलाच जात नाही. म्हणून संशय आला तर आधी दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून सगळ्या उपकरणांतून लॉगआउट करा, मग पासवर्ड बदला. त्याच पीसीवर बसून बदललात तर नवा पासवर्डही जाऊ शकतो.

अनुस्वार:
अपडेटबद्दल कोणीच बोललं नाही. सायबरपंक 2077 घ्या. डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा पीसीवर सेव्ह फाइल 8 एमबीच्या पुढे गेली की खराब व्हायची. खूप वस्तू बनवत बसणाऱ्यांना याचा फटका बसला. 1.06 मध्ये ती मर्यादा काढली, पण आधी बिघडलेल्या फाइली दुरुस्त झाल्या नाहीत. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये 1.12 आलं, कारण दुसऱ्याची सेव्ह फाइल किंवा मॉड वापरला तर त्यातून यंत्रावर नको तो कोड चालवता येईल अशी फट सापडली होती. पहिल्या दिवशीची प्रत घेऊन बसलेल्याकडे या दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या.

रात्रपाळी:
पण तो गेम डीआरएमशिवायही, म्हणजे परवान्याच्या कुलपाशिवायही मिळत होता, क्रॅक करायची गरजच नव्हती. आणि क्रॅकवाल्यांचे अपडेटही येतात की.

अनुस्वार:
डीआरएमचं मान्य. अपडेट येतात, पण कधी येतील ते क्रॅक करणाऱ्याच्या मर्जीवर. गेमला कडक संरक्षण असेल तर कधीकधी पहिली आवृत्ती फुटते आणि पुढच्या येतच नाहीत.

जुनाखिळा:
आणि आले तरी दर वेळी अनोळखी माणसाची नवी exe ॲडमिन परवानगीने चालवायची. पहिली फाइल स्वच्छ होती यावरून सहावीचं काही कळत नाही. ज्या रिपॅकरवर तुमचा भरवसा आहे त्याच्या नावाच्या नकली साइटही असतात.

वाळवंट:
सगळं खरं, पण विक्रीतूनच काढून टाकलेल्या जुन्या गेमचं काय? सर्व्हर बंद, दुकानात नाही, परवाना तपासणीमुळे माझी विकत घेतलेली डिस्कही चालत नाही. मला क्रॅकशिवाय पर्याय सांगा.

जुनाखिळा:
यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. अशा गेमसाठी वेगळा जुना पीसी, त्यात कुठलंही लॉगिन नाही आणि नेट तोडलेलं, इतपत मला चालेल. जुन्या गेमला नेट बहुधा लागतही नाही.

रात्रपाळी:
ती कमांड चालवली, यादी रिकामी आली. मी जिंकलो का?

जुनाखिळा:
अपवाद नाहीत, इतकंच कळलं. 2021 मध्ये अव्हास्टने 'क्रॅकोनॉश' उघडकीला आणला, तो क्रॅक गेममधूनच पसरत होता. तो विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करायला लावून डिफेंडरच काढून टाकायचा आणि ट्रेमध्ये हिरव्या खुणेचं खोटं चिन्ह ठेवायचा. विंडोज अपडेटही बंद. तेव्हा आधी विंडोज सिक्युरिटी उघडून संरक्षणाच्या व्याख्या शेवटच्या कधी अपडेट झाल्या ती तारीख बघा, आणि मग पेनड्राइव्हवरून बूट होणाऱ्या रेस्क्यू स्कॅनरने तपासा.

टोरू:
एका गेमसाठी एवढं कोण करतं?

जुनाखिळा:
कोणी करत नाही, हीच तर अडचण.