विषय: आईचं फ्रॅक्चर, पॉलिसी १३ दिवसांची, कॅशलेस नाकारलं. कोणाला अनुभव?

मृणाल (मिसिसागा), मंगळवार १७ जून, रात्री ११.४०

मंडळी, घाईत लिहितेय. आई काल सकाळी कोथरूडच्या घरी बाथरूमच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलंय, अर्धा सांधा बदलायचाय. हॉस्पिटलचा अंदाज २ लाख ८० हजार. तिची पॉलिसी आम्ही नुकतीच काढली, ४ जूनपासून सुरू आहे. विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या टीपीएच्या डेस्कवरून दादाला सांगितलं की कॅशलेस नाही, ३० दिवस झालेले नाहीत. पण एजंट तर म्हणाला होता की अपघात पहिल्या दिवसापासून कव्हर असतो! ऑपरेशन उद्या सकाळी आहे. पैसे भरायचे की भांडायचं? पुण्यात कोणाची ओळख असेल तर आजच सांगा.

प्रमोदकाका, बुधवार १८ जून, सकाळी ६.०५

मृणाल, आईंना लवकर बरं वाटो. पण एजंटवर विसंबू नकोस. ३० दिवस म्हणजे ३० दिवस, पहिल्या महिन्यात कंपनी काही देत नाही. माझ्या मेव्हण्याच्या वेळी हेच झालं. हां, तू हप्ता कधी भरलास? हप्ता भरल्यापासून मोजलंस तर दिवस वाढतील. आणि सुहास, हॉलच्या चाव्या अजून माझ्याकडेच आहेत, आषाढीच्या कार्यक्रमाआधी कोणीतरी घेऊन जा.

वैशाली, बुधवार, सकाळी ८.३०

इथे येणाऱ्या आईवडिलांसाठी मी गेल्या वर्षी व्हिजिटर इन्शुरन्स काढला होता. विमानात बसण्याआधी काढला तर थांबावं लागत नाही. इथे उतरल्यावर काढला तर आजारासाठी काही दिवस थांबावं लागतं, पण दुखापत लगेच कव्हर होते. आईंचं तिकीट कधीचं आहे?

मृणाल, बुधवार, सकाळी ८.५२

वैशालीताई, आई पुण्यातच आहे आणि पॉलिसीही तिथलीच. प्रमोदकाका, हप्ता २९ मेला भरला, पण पॉलिसीवर सुरुवात ४ जून लिहिली आहे, मधे त्यांची तपासणी झाली म्हणून. ऑपरेशन आत्ताच नीट पार पडलं, दादाने पैसे भरले.

नंदिनी (ब्रॅम्प्टन), बुधवार, सकाळी ९.४५

मृणाल, मी इथे येण्याआधी नऊ वर्षं पुण्यात एका टीपीएत क्लेमच्या फाइली तपासायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दिवस पॉलिसीवर छापलेल्या तारखेपासून मोजतात, हप्त्याच्या पावतीपासून नाही. काका, आपला हिशोब तर उलटा जातो. २९ मे ते ३ जून या दिवसांत आई पडल्या असत्या तर पॉलिसीच सुरू नव्हती, मग अपघातालाही काही मिळालं नसतं. ४ जून हा पहिला दिवस धरला तर १६ जून तेरावा.

पण तुझं भांडण दिवसांचं नाहीच. ते कलम पॉलिसीत Excl03 या नावाने सापडेल. नीट वाच. पहिल्या ३० दिवसांत आजाराचा उपचार मिळत नाही, आणि त्याच वाक्यात अपघाताला सूट आहे. एजंट खोटं बोलला नाही. फक्त ‘अपघात’ कशाला म्हणायचं हे त्याने सांगितलं नसणार. बाहेरून, अचानक, अनपेक्षित आणि आपल्या इच्छेविना झालेली इजा, अशी ती व्याख्या. ओल्या फरशीवरून पाय घसरून हाड मोडणं त्यात सरळ बसतं.

मग नाकारलं का? मला शंका आहे की कॅज्युअल्टीच्या कागदावर काहीतरी वेगळं लिहिलंय. दादाला सांग, पहिल्या तासातला केस पेपर आणि नकाराचं पत्र, दोन्हींचे फोटो पाठव. पत्रात ‘३० दिवस’ एवढंच आहे की पुढे आणखी एखादं वाक्य आहे, ते आधी बघू.

सचिन, बुधवार, दुपारी १२.१५

नंदिनीताई, मग मला का नाही मिळाले? मागच्या सप्टेंबरमध्ये नाशिकला बाबांना पॉलिसीच्या २४व्या दिवशी डेंग्यू झाला. डास बाहेरून चावला, अचानक चावला, बाबांनी काही त्याला बोलावलं नव्हतं. तुमच्या व्याख्येत सगळं बसतं की! ८६ हजार खिशातून गेले.

नंदिनी, बुधवार, दुपारी १.०५

सचिन, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आलाय. २०१९ सालचा निकाल आहे. मोझांबिकमध्ये मलेरियाने गेलेल्या एका माणसाच्या कुटुंबाने अपघात विम्याचे पैसे मागितले होते. कोर्ट म्हणालं की जिथे तीन माणसांमागे एकाला मलेरिया होतो तिथे डास चावून तो होणं अनपेक्षित म्हणता येत नाही, तो अपघात नाही, आजार आहे. ती पॉलिसी वेगळ्या प्रकारची होती, पण डेंग्यूच्या फाइलीवर आमच्याकडे याच धर्तीवर विचार व्हायचा. कुत्रा चावला, साप चावला तर मात्र आम्ही अपघातातच धरायचो. चीड येण्यासारखं आहे, पण असं आहे.

सचिन, बुधवार, दुपारी १.२०

म्हणजे साप चावलेला बरा.

सुहास (सचिव), बुधवार, दुपारी २.४०

सगळ्यांना आठवण: लिस्टवर विमा एजंटचे नंबर टाकायचे नाहीत, २०२२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अनुभव जरूर लिहा. काका, चाव्या शनिवारी घेतो.

मृणाल, बुधवार, रात्री १०.१५

नंदिनीताई, तुम्ही अंतर्यामी आहात. केस पेपरवर इंग्रजीत लिहिलंय की ‘चक्कर आली व पडल्या’. पत्रातही तेच धरलंय: पडण्याचं कारण आजार, म्हणून ३० दिवसांत बसत नाही. आणि चक्कर आल्याचं सांगितलं कोणी? शेजारच्या काकूंनी! त्या आईबरोबर रिक्षातून गेल्या. डॉक्टरांनी विचारलं कशा पडल्या, तर काकू म्हणाल्या, "चक्कर आली असेल हो, या वयात." आईला विचारलं तर ती म्हणते, वॉशिंग मशीनचा पाइप निसटून दारापर्यंत पाणी आलं होतं, चप्पल घसरली, बेसिन धरायला गेले ते हुकलं. तिला सगळं आठवतंय.

प्रमोदकाका, गुरुवार १९ जून, सकाळी ६.२०

सोपं आहे. दादाला सांग, ओळखीच्या डॉक्टरांकडून ‘चक्कर’ शब्दावर काट मारून घे. एका शब्दासाठी पावणेतीन लाख कशाला घालवायचे?

नंदिनी, गुरुवार, सकाळी ७.३०

काका, रागावू नका, पण हे कृपा करून कोणीही करू नका. नाकारताना त्या कागदाची प्रत कंपनीकडे गेलेली आहे. खोडलेली प्रत नंतर गेली तर खरा अपघातही बनावट ठरेल आणि पॉलिसीच रद्द होऊ शकेल.

मृणाल, मूळ कागद आहे तसा राहू दे. ऑपरेशन करणाऱ्या अस्थितज्ज्ञांनी आईंशी स्वतः बोलून, आजची तारीख घालून वेगळा दाखला द्यायचा. त्यात एवढं हवं: रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून तिने स्वतः सांगितलेला प्रसंग, आधीचा कागद कोणाच्या सांगण्यावरून लिहिला गेला, आणि हाड पडल्यामुळेच मोडलं, गाठ वगैरे काही दिसली नाही. शेजारच्या काकूंकडूनही चार ओळी लिहून घे की त्यांनी पडताना पाहिलं नव्हतं.

याहून जड पुरावा फाइलीतच असतो. दाखल करतानाचा बीपी, साखर, ईसीजी बघ. खरंच चक्कर वाटली असती तर डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन किंवा न्यूरोचं मत मागवलं असतं. तसं काहीच मागवलं नसेल तर त्यांनीही चक्कर मनावर घेतली नव्हती, हे दाखवता येतं.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नसतं. सगळी मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि सांध्याच्या खोक्यावरचा स्टिकर जपून ठेव. तो स्टिकर बहुतेकदा कचऱ्यात जातो आणि मग त्यावरून शंका निघते. आता भरपाईचा क्लेम टाकायचा, मुदत पॉलिसीत दिलेली असते. सांधा बदलण्यासाठी दोन वर्षं थांबायचं असं दुसरं कलमही ते दाखवतील. त्यालाही अपघाताची सूट असते, पण तुझ्या पॉलिसीत ती ओळ आहे ना, ते बघून घे.

एक प्रश्न मात्र मला विचारावाच लागेल. आईंना बीपीची गोळी आहे का, आणि फॉर्ममध्ये लिहिली होती का?

दीपक, गुरुवार, सकाळी ११.००

समजा चक्कर खरंच आली असती तर? हाड तर फरशीनेच मोडलं ना? फरशी बाहेरचीच आहे.

नंदिनी, गुरुवार, सकाळी ११.२५

दीपक, मुद्द्याचं बोललास. आमच्या ऑफिसात यावर दोन गट होते. मी ‘फरशी’ गटात होते, आमचे मुख्य डॉक्टर ‘चक्कर’ गटात. त्यांचं म्हणणं असं की मूळ कारण आजार, फरशी नुसती निमित्त. दोन्ही बाजूंनी निर्णय होताना मी पाहिलेत. विमा लोकपालाकडे नेण्यासारखा मुद्दा आहे, पण खात्री देणार नाही.

वैशाली, गुरुवार, दुपारी ३.१०

त्या चकचकीत टाइल्स बसवायला बिल्डरला कोण सांगतं? माझ्या सासूबाई ठाण्याला दोनदा पडल्या. आम्ही शेवटी दाराशी खडबडीत पट्ट्या चिकटवल्या.

मृणाल, शुक्रवार २० जून, रात्री ९.५०

ताई, गोळी आहे. सहा वर्षांपासून. फॉर्म एजंटने दादासमोर टॅबवर भरला आणि बीपीच्या रकान्यात ‘नाही’ टाकलं. म्हणाला, "एवढीशी गोळी कशाला लिहायची, हप्ता वाढेल." दादाने ओटीपी दिला. आता मला रडू येतंय.

नंदिनी, शुक्रवार, रात्री १०.४०

मृणाल, हे ३० दिवसांपेक्षा मोठं आहे, खोटी आशा लावत नाही. ओटीपी दिला म्हणजे सही तुमचीच धरतात. अपघाताची सूट फक्त थांबण्याच्या काळाला आहे, लपवलेल्या माहितीला नाही. तरी घसरून मोडलेल्या हाडाचा बीपीशी संबंध नाही, हा तुमचा युक्तिवाद शिल्लक आहे, आणि ‘चक्कर’ शब्द टिकला तर तोच कापला जातो. म्हणून दाखला जास्त महत्त्वाचा. गोळी विचारतील तेव्हा खरं सांगा, सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं. क्लेम नाकारायचा तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, ते त्यांना लिहावं लागतं. मग आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे. वकील लागत नाही, फी नाही.

प्रमोदकाका, शनिवार २१ जून, सकाळी ६.१०

मृणाल, नंदिनी म्हणते तसंच कर, माझं विसर. मेव्हण्याला विचारलं, त्याचं तर मूतखड्याचं ऑपरेशन होतं.

मृणाल, रविवार २२ जून, सकाळी ८.०५

अस्थितज्ज्ञांनी दाखला दिला. आईच्या तोंडचं वाक्य मराठीतच लिहून घेतलंय, बेसिनसकट. दाखल करताना बीपी १३६/८२, स्कॅन मागवलेला नव्हता. सांध्याचा स्टिकर वॉर्डबॉयने फेकला होता, पण हॉस्पिटलच्या ऑपरेशनच्या नोंदीत दुसरा निघाला. काकूंनी चार ओळींऐवजी दोन पानं लिहिलीत, त्यात त्यांच्या स्वतःच्या चक्करींचीही हकीकत आहे. तेवढी काढायला लावते. आई आज वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत गेली आणि पाइप बसवला का म्हणून दादावर ओरडली.