राउटर काढला म्हणजे प्रश्न मिटला का?

बापमाणूस_७४
रोज पाच तास गेम म्हणजे व्यसनच, त्याला डॉक्टर कशाला लागतो? माझ्या नववीतल्या पोराचा मोबाइल मी मार्चमध्ये भिंतीवर आपटला आणि राउटर उचलून दुकानात नेऊन ठेवला. दोन दिवस आदळआपट केली, आता गप्प आहे. समुपदेशन, वाटाघाटी हे सगळे लाड आहेत. पटत नसेल तर सांगा कुठे चुकलं.

शाळेतली_ताई
दुपारपासून ही पोस्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते. बारा वर्षं शाळेत समुपदेशक आहे. तुमच्या पोस्टमधल्या ‘आता गप्प आहे’ या तीन शब्दांनी मला काळजी वाटली.

तासांवरून व्यसन ठरत नाही. माझ्याकडे एकाच वर्षी दोन मुलं आली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पहिला मे महिन्यात रोज पाच-सहा तास खेळायचा. पण संध्याकाळी कबड्डीला जायचा, अकराला झोपायचा, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दीड तासावर आला. कुरकुर केली, पण आला. दुसरा जेमतेम तीन तास खेळायचा, तेही रात्री एक ते चार, पांघरुणाखाली. क्रिकेट सुटलं होतं. वर्गात पहिल्या तासाला डोकं बाकावर. आजीच्या मोबाइलवरून गेममधल्या खरेदीला साडेचार हजार गेले होते आणि विचारल्यावर साफ नाही म्हणाला. स्वतःच दोनदा गेम काढून टाकला, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी परत घेतला. तासांच्या हिशोबाने पहिला आजारी ठरतो. मदत दुसऱ्याला हवी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, त्यातही तासांचा आकडा नाही. ताबा सुटला आहे का, बाकी सगळं मागे पडून गेमच पुढे आला आहे का, आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू आहे का, हे बघतात. तेही साधारण वर्षभर टिकलं तर. परीक्षेनंतरच्या पंधरा दिवसांवरून कुणी शिक्का मारू नये.

नियम_म्हणजे_नियम
ताई, तासांना काहीच अर्थ नाही हे पटत नाही. चीनने 2021 मध्ये अठराच्या आतल्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. आपल्याकडेही बीजीएमआय हा गेम 2023 मध्ये परत आला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. आकडा ठरवला की भांडण संपतं.

हॉस्टेल_नंबर_३
तीन तासांचं आम्हाला सांगू नका. मी बारावीत तेच खेळायचो, बाबांच्या नंबरवरून लॉगिन. वर्गात निम्म्यांचं तसंच होतं.

आणि आईबाप ‘आत्ताच्या आत्ता ठेव’ म्हणतात ना, तिथेच सगळं पेटतं. क्लासिक मॅच शेवटपर्यंत गेली तर अर्धा तास लागतो, मध्ये थांबवता येत नाही. सोडली तर पॉइंट जातात आणि टीममधले तिघं उद्या कॉलेजमध्ये शिव्या घालतात. कॅरमचा डाव अर्धवट उधळल्यासारखं आहे ते.

बापमाणूस_७४
म्हणजे आता बापाने पोराची मॅच संपायची वाट बघत उभं राहायचं? अशाने पोरं डोक्यावर मिरी वाटतात.

गणिताच्या_बाई
सगळे आईबापांनाच झोडताय. शाळांचं काय? कोविडमध्ये मोबाइल हातात दिला तो परत घेतलाच नाही. आजही गृहपाठ व्हॉट्सॲप ग्रुपवर, तोही रात्री साडेनऊला. मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं की गृहपाठ वहीत लिहून द्या. उत्तर आलं, पालकांनाच फोटो हवा असतो.

चिन्मयची_आई
अगदी! मी मोबाइल कपाटात ठेवते, आणि तो म्हणतो ‘सायन्सचं प्रोजेक्ट ग्रुपवर आलंय’. द्यावाच लागतो. अर्ध्या तासाने बघावं तर प्रोजेक्ट मागे आणि गेम पुढे. शिक्षकांना हे कळत नाही का?

गणिताच्या_बाई
शिक्षकांना कळतं हो. पण दोन दिवस ग्रुपवर टाकलं नाही तर ‘बाई शिकवत नाहीत’ म्हणून तक्रार पालकच करतात.

चिन्मयची_आई
माझं नाव घेऊन बोला, मी कधी तक्रार केलेली नाही.

नियम_म्हणजे_नियम
विषय गेमचा आहे. गृहपाठासाठी वेगळा धागा काढा.

गणिताच्या_बाई
विषय तोच आहे. ज्या वस्तूवर गृहपाठ येतो तीच वस्तू काढून घ्यायला सांगताय, म्हणून बोलतेय.

शाळेतली_ताई
बाईंचं बरोबर आहे. दुसऱ्या मुलाच्या घरीही आधी हाच तिढा सोडवावा लागला. आईने एका वर्गमित्राच्या आईकडून रोज सातला फोनवर गृहपाठ विचारून घ्यायला सुरुवात केली.

बापमाणूसदादा, वाटाघाटी म्हणजे शरण जाणं नाही, त्या घरी काय झालं ते बघा. रविवारी जेवणानंतर बसलो, खेळ चालू असताना नाही. आधी त्याने स्वतःचा आकडा लिहिला, रोज चार मॅच. वडील म्हणाले शून्य. दोनवर तोडगा निघाला. पण पहिल्या दहा मिनिटांत मेला तर ती मॅच धरायची का, यावर अर्धा तास गेला. शेवटी मॅच मोजणंच सोडलं आणि ठरलं की सव्वानऊनंतर नवी मॅच सुरू करायची नाही, चालू असलेली पूर्ण करायची. दहाला घरातले सगळे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, वडिलांचाही. मोडलं तर दुसऱ्या दिवशी खेळ साडेआठलाच बंद. महिनाभराची जप्ती ठेवली नाही, कारण ती आठवड्यात मोडते आणि मग शब्दाला किंमत राहत नाही.

तिसऱ्या दिवशी पहिला नियम वडिलांनीच मोडला, शेअरचे भाव बघायला मोबाइल खोलीत नेला. त्यांनी मुलासमोर चूक कबूल केली, तिथून गाडी रुळावर आली. नवव्या दिवशी फुटक्या काचेचा जुना मोबाइल गादीखाली सापडला. तोही चार्जिंगला हॉलमध्ये आला. चौथ्या आठवड्यात सहज बोलता बोलता कळलं, क्रिकेटच्या मैदानावर मोठी मुलं त्याचे कपडे उतरवायची. मैदान गेममुळे सुटलं नव्हतं. मैदान सुटलं म्हणून गेम वाढला होता.

नियम_म्हणजे_नियम
ठीक, रात्रीची वेळ तासांपेक्षा महत्त्वाची, एवढं मान्य. पण घरात काहीतरी आकडा लागतोच.

शाळेतली_ताई
लागतो. तो घरातल्यांनी मिळून ठरवावा, एवढंच म्हणते. आणि त्याने आजार ठरवू नका.

चिन्मयची_आई
मोबाइल घेतला की चिन्मय म्हणतो ‘जीव देईन’. धमकीच असते ना ही?

शाळेतली_ताई
धमकी समजून सोडू नका, आज रात्रीच शांतपणे थेट विचारा की खरंच तसं मनात येतं का. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 14416 वर टेली मानसची माणसं मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत.

हॉस्टेल_नंबर_३
काकू, लगेच करा. आमच्या मजल्यावर एकाचं असंच सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. नशिबाने वाचला.

बापमाणूस_७४
मी मोबाइल परत देणार नाही, ते आधीच सांगतो. पण ताई, एक विचारतो. माझा शाळेतून आला की थेट झोपतो. जेवायला उठवावं लागतं. मला वाटलं गेम सुटल्याने झोप भरून काढतोय.

शाळेतली_ताई
कधीपासून?

बापमाणूस_७४
मार्चपासूनच.

शाळेतली_ताई
मित्र घरी येतात?

बापमाणूस_७४
आधी दोघं यायचे. ते गेममधलेच होते.

शाळेतली_ताई
इतके महिने झोप भरून काढणं चालत नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि मोबाइलचा विषय न काढता त्या दोघांना एकदा जेवायला बोलवा.

बापमाणूस_७४
डॉक्टरांचं बघतो. पोरांचे नंबर त्या फुटलेल्या मोबाइलमध्ये आहेत.